मे महिन्यातील पाच वाजताचे ऊन आणि धाब्याच्या घराचा एक कोपरा

एन्व्हायर्नमेंट आर्टिस्ट, म्हणजे व्हिडिओ गेममधील त्रिमितीय स्थळे घडवणारा कलाकार, म्हणून एखाद्या स्टुडिओत अर्ज करताना अंतिम चित्राइतकेच वजन त्या चित्राच्या उलगड्याला, म्हणजे ब्रेकडाउनला असते. भरतीचे काम पाहणारी व्यक्ती, आणि बहुधा तिच्या शेजारी बसलेला कलाविभागाचा प्रमुख, चित्र नजरेत भरते की नाही हे क्षणात ठरवतात. मात्र ते चित्र विचारपूर्वक घडवलेले आहे की योगायोगाने जुळून आलेले आहे, आणि उद्या दुसऱ्या कोणी आखून दिलेल्या दृश्यावर हीच व्यक्ती असेच काम करू शकेल का, हे त्यांना ब्रेकडाउनमधूनच कळते. रूढ ब्रेकडाउनमध्ये आधी राखाडी मॉडेल, मग जाळीचे चित्र, मग टेक्स्चर आणि सर्वांत शेवटी प्रकाश असा क्रम असतो. काम त्याच क्रमाने झाले असे त्यातून सूचित होते. माझ्या पोर्टफोलिओतील धाब्याच्या घराचे दृश्य तसे घडले नाही. त्यात प्रकाश सर्वांत आधी ठरला, आणि भिंत किती कलती असावी, कोणती कड किती गोल करावी, ओटा कोणत्या रंगाचा असावा, हे सगळे त्यानंतर त्या प्रकाशाच्या हिशेबाने ठरत गेले. म्हणून मी ब्रेकडाउनही त्याच क्रमाने लिहिला, आणि तो कसा लिहिला हेच येथे सविस्तर मांडते आहे.

दृश्य लहान आहे. माझे गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे, आणि तेथील जुन्या वस्तीतील एका धाब्याच्या घराचा दर्शनी कोपरा मी निवडला. खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचे तर धाब्याचे घर म्हणजे सपाट छपराचे घर. जाड भिंती, त्यांवर सागवानी तुळया, तुळयांवर आडव्या लाकडांचे किलचण आणि त्यावर पाणी झिरपू न देणाऱ्या खाऱ्या मातीचा जाड थर, अशी त्याची रचना असते. पुढे ओटा, ओट्यामागे निळ्या तैलरंगाचे दार, छपराच्या एका टोकाला सरपणासाठी रचलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या आणि बाजूला एक कडुनिंब, एवढेच माझ्या दृश्यात आहे. माणूस नाही, बैलगाडी नाही, आणि सातपुडाही नाही, कारण कॅमेरा दक्षिणेकडे पाहतो आणि डोंगर त्याच्या पाठीशी राहतो. मागे एखादी निळी डोंगररांग घालण्याचा मोह टाळणे मला आवश्यक वाटले, कारण घराचे तोंड कोणत्या दिशेला आहे यावर पुढचा सारा हिशेब उभा होता.

घर उत्तराभिमुख आहे आणि वेळ मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातील संध्याकाळी पाचची आहे. या दिवसांत आमच्याकडे दुपारी सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो, कारण चोपडा आणि जळगाव हा पट्टा २१ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे आणि सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनीय अंतर, त्या सुमारास तेवढीच असते. त्या वेळी उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच नाहीशी होते. भर दुपारचे ते ऊन खान्देशाची खरी ओळख असले, तरी चित्रासाठी ते निरुपयोगी ठरते. जमीन पांढरी पडते, भिंतींवर ऊन जवळजवळ पडतच नाही, आणि आकार सांगणारी सावली कोठेही उरत नाही. पाच वाजता मात्र सूर्य क्षितिजापासून सुमारे २६ अंशांवर आलेला असतो, आणि उन्हाळ्यात तो नेमक्या पश्चिमेला नसून पश्चिमेच्या सुमारे १४ अंश उत्तरेला असतो. हे आकडे ब्लेंडर या त्रिमितीय मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमधील `Sun Position` या अॅड-ऑनमध्ये अक्षांश, रेखांश, तारीख आणि वेळ भरली की मिळतात. मला त्यांतून जे हवे होते ते पुढे आहे.

एखाद्या खडबडीत पृष्ठभागावर किती ऊन पडते हे तो सूर्याच्या किती समोर आहे यावर अवलंबून असते. लँबर्टच्या नियमाप्रमाणे पृष्ठभागाची लंबदिशा आणि सूर्याची दिशा यांमधील कोनाच्या कोसाइनइतका प्रकाश त्याला मिळतो. हा हिशेब माझ्या तीन मुख्य पृष्ठभागांसाठी केला, तेव्हा पश्चिमेच्या भिंतीला ०.८७, जमिनीला ०.४४ आणि दार असलेल्या उत्तरेच्या भिंतीला ०.२२ असे गुणक आले. म्हणजे चार, दोन, एक. प्रत्येक पायरीवर प्रकाश निम्मा होतो. आकाशाचा उजेड सर्वत्र थोडाथोडा मिसळत असल्याने प्रत्यक्षात हे प्रमाण मवाळ होते, पण क्रम बदलत नाही. शैलीबद्ध दृश्यात, म्हणजे वास्तवाची हुबेहूब नक्कल न करता आकार सोपे करून घडवलेल्या दृश्यात, उजेड, मध्यछटा आणि अंधार यांचे मोजके, स्वच्छ गट हवे असतात, आणि ते सहसा रंगवून आणावे लागतात. येथे ते घराची दिशा आणि दिवसाची वेळ यांतूनच मिळाले. ब्रेकडाउनचे पहिले चित्र म्हणून मी हेच ठेवले आहे: टेक्स्चर नसलेले तीन साधे ठोकळे, त्यांवर सूर्य, आणि प्रत्येक ठोकळ्यावर त्याचा गुणक.

या मांडणीतील अडचणही त्याच चित्रात दिसते. पाहणाऱ्याची नजर दारावर जायला हवी, आणि दार नेमके सर्वांत मंद भिंतीवर आहे. सर्वांत उजळ पृष्ठभाग पश्चिमेची कोरी भिंत आहे, आणि तेथे पाहण्यासारखे काहीच नाही. दारावर एखादा अदृश्य दिवा टाकला की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. पण त्या दिव्याला दृश्यात कारण नसते आणि अनुभवी डोळ्याला तो लगेच खुपतो, कारण चौकटीची सावली एका दिशेला आणि ओट्याची दुसऱ्या दिशेला पडू लागते. त्याऐवजी मी दोन गोष्टी केल्या, आणि ब्रेकडाउनचा मधला मोठा भाग त्यांनाच दिला.

पहिली गोष्ट ओट्याची. ओट्याचा वरचा भाग जमिनीसारखाच आडवा असल्याने त्याला ०.४४ गुणक मिळतो, म्हणजे मागच्या भिंतीच्या दुप्पट ऊन मिळते. दाराच्या पायाशी उजेडाची एक आडवी पट्टी आपोआप तयार होते आणि तिच्यावर दाराचा गडद निळा आकार उठून दिसतो. मात्र पृष्ठभाग किती उजळ दिसेल हे केवळ उन्हावर ठरत नाही, त्याच्या स्वतःच्या रंगावरही ठरते. आमच्याकडील अनेक ओटे काळ्या पाषाणाचे असतात. पाषाणाची परावर्तनक्षमता ०.१२ धरली आणि मातीच्या भिंतीची ०.३० धरली, तर ओट्याचा उजेड ०.४४ गुणिले ०.१२, म्हणजे सुमारे ०.०५ येतो, आणि भिंतीचा ०.२२ गुणिले ०.३०, म्हणजे ०.०६६ येतो. दुप्पट ऊन मिळूनही दगडी ओटा भिंतीपेक्षा काळाच दिसेल आणि पट्टी नाहीशी होईल. म्हणून ओट्याची फक्त पुढची कड पाषाणाची ठेवली आणि वरचा भाग मातीने सारवलेला दाखवला, ज्याची परावर्तनक्षमता भिंतीइतकीच, ०.३० आहे. आता त्याचा उजेड ०.१३ येतो, बरोबर भिंतीच्या दुप्पट. रंगपेटीत ० ते २५५ च्या मापावर ही ०.३० ची छटा साधारण १५० च्या आसपास दिसते आणि ०.१२ ची छटा १०० च्या जरा खाली. डोळ्याला या दोन अंकांमधील अंतर फार वाटत नाही, आणि केवळ रंग निवडण्याच्या चौकटीत पाहून छटा ठरवणारा येथे हमखास फसतो.

दुसरी गोष्ट कडुनिंबाची. पश्चिमेच्या उजळ भिंतीला शांत करण्यासाठी तिच्यावर झाडाची सावली हवी होती, आणि ती कोठे पडेल हे पुन्हा २६ अंशांनीच ठरवले. झाड सूर्याच्या दिशेने भिंतीपासून सहा मीटर अंतरावर ठेवले, की पानांची सावली भिंतीपर्यंत येईतो सुमारे २.९ मीटर खाली उतरते. साडेचार मीटर उंचीवरचा पर्णसंभार भिंतीवर दीड मीटरवर उतरतो आणि सहा मीटर उंचीवरचा शेंडा छपराच्या कडेला टेकतो. खोड आणि खालच्या फांद्या यांची सावली गल्लीतच पडून राहते. भिंतीचा वरचा अर्धा भाग अशा रीतीने झाकला गेला आणि झाड चित्राच्या उजव्या कडेबाहेर अर्धे गेले तरी त्याचे काम चालू राहिले.

याच सावलीने पानांचा प्रश्नही सोडवला. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात त्याची रुंदी अर्ध्या अंशाहून किंचित जास्त असते, आणि दृश्य ज्यात अखेर मांडले त्या अनरियल या गेम इंजिनमध्ये सूर्याच्या दिव्याचे `Source Angle` मूळचेच ०.५३५७ असते. पानापासून भिंतीपर्यंत तिरप्या रेषेत साधारण ६.७ मीटर अंतर पडते, आणि तेवढ्या अंतरावर सावलीची कड सुमारे सहा सेंटीमीटर विरघळते. कडुनिंबाची पर्णिका दोनेक सेंटीमीटर रुंद असते. म्हणजे एकेका पानाची सावली प्रत्यक्षातही भिंतीवर दिसत नाही, दिसतात ते पानांच्या झुपक्यांचे मऊ डाग. जे वास्तवातच पुसले जाते ते मॉडेलमध्ये घडवण्याचे कारण नव्हते. म्हणून मी पाने सुटी केली नाहीत, तर झुपक्यांच्या आकाराची सपाट कार्डे वापरली आणि त्यांच्या नॉर्मल, म्हणजे प्रकाशाला सामोऱ्या जाण्याच्या दिशा, एका मोठ्या गोलावरून उचलून कार्डांवर चढवल्या. असे केले नाही तर प्रत्येक कार्ड आपल्या वेगळ्या दिशेने उजळते आणि झाड कापलेल्या कागदांच्या ढिगासारखे दिसते. गोलाच्या नॉर्मल मिळाल्या की संपूर्ण झुपका एकाच वस्तूप्रमाणे एका बाजूने उजळतो आणि दुसऱ्या बाजूने शांतपणे मावळतो. या तंत्राची मर्यादा अशी की सूर्य झाडाच्या मागे गेला तर पानांतून झिरपणारा उजेड वेगळा द्यावा लागतो. माझ्या दृश्यात सूर्य बाजूने येत असल्याने तो फारच थोडा लागला.

मॉडेलिंगकडे मी ब्रेकडाउनमध्ये येथे वळते, आणि सर्वप्रथम कॅमेऱ्याचे अंतर सांगते. कॅमेरा घरापासून नऊ मीटरवर आहे आणि भिंग ३५ मिलिमीटरचे आहे. १९२० पिक्सेल रुंदीच्या चित्रात तेथे एक मीटर सुमारे २०० पिक्सेल व्यापतो. या एका आकड्यातून कडांचे बेव्हल, म्हणजे कड किती गोल करायची ते, ठरले. खऱ्या तुळईची कड अर्धा सेंटीमीटर झिजलेली असते. तेवढीच ठेवली तर ती पडद्यावर जेमतेम एक पिक्सेल येते, कॅमेरा हलला की लुकलुकते आणि उजेड धरत नाही. मी तुळयांना, चौकटीला आणि ओट्याच्या दगडांना तीन सेंटीमीटरचे बेव्हल दिले, जे पडद्यावर सहा पिक्सेल भरते. शैलीबद्ध कामात कडा जाड आणि मऊ का असतात, याचे निदान माझ्या दृश्यातील उत्तर इतके साधे आहे. बेव्हल देताना ब्लेंडरमध्ये `Weighted Normal` मॉडिफायर लावणे आवश्यक असते, कारण त्याशिवाय सपाट बाजूवरही कडेची छटा पसरते आणि तुळई फुगलेल्या रबरासारखी दिसू लागते.

भिंतीचा पायथा मी मुद्दाम अधिक फुगवला. जुन्या मातीच्या भिंती खाली जाड आणि वर निमुळत्या असतातच, पण येथे त्या अतिशयोक्तीला आणखी एक कारण होते. उत्तरेच्या भिंतीवर ऊन इतके तिरपे, भिंतीला जवळजवळ घासून जाणारे आहे की पृष्ठभागाचा थोडा कलही लगेच उजेडात उतरतो. भिंत पायथ्याशी दहा अंश मागे कलली, की तिचा गुणक ०.२२ वरून ०.२९ वर जातो, म्हणजे उजेड जवळजवळ एक तृतीयांशाने वाढतो. खालून वर जाणारी ही उतरती छटा अनेक कलाकार टेक्स्चरमध्ये रंगवतात. मला ती आकारातूनच मिळाली, आणि सूर्य हलवला तर तीही त्याच्याबरोबर बदलते. ब्रेकडाउनमध्ये याची दोन चित्रे शेजारीशेजारी ठेवली आहेत, एकात सरळ भिंत आणि एकात फुगलेली, दोन्ही एकाच राखाडी रंगात.

ठोकळ आकारांचा हा टप्पा मी गावी असताना लॅपटॉपवर आजीला दाखवला होता. तिने दार पाहिले नाही, झाड पाहिले नाही, आणि पहिला प्रश्न विचारला: “धाबावरनं पानी कोठे पडस?” सपाट छपराच्या घरात राहिलेल्या माणसाला पावसाळ्यात सर्वांत आधी याचीच काळजी असते. पन्हळ माझ्या यादीत होतीच, पण तिच्या प्रश्नामुळे तिची जागा ठरली. दाराच्या डावीकडे, ओट्याच्या टोकापलीकडे ती बाहेर काढली, आणि तिच्याखाली भिंतीवर वर्षानुवर्षांच्या पाण्याने गिलावा धुपून गेल्याचा एकच उभा डाग ठेवला. बाकी भिंत जवळजवळ कोरी आहे. शैलीबद्ध दृश्यात झीज सर्वत्र सारखी शिंपडली की ती पाहणाऱ्याला काहीच सांगत नाही. झिजेला कारण असले की एकच डाग पुरतो. कलाविभागाचे प्रमुख अशा ठिकाणी थांबतात हा माझा अनुभव आहे. मुलाखतीत मला सर्वाधिक प्रश्न या डागावरच आले.

टेक्स्चरसाठी लाकूड आणि दगड यांचे सर्व भाग एकाच ट्रिम शीटवर बसवले. ट्रिम शीट म्हणजे आडव्या पट्ट्यांत विभागलेले एक टेक्स्चर, ज्यावरील प्रत्येक पट्टी वेगवेगळ्या वस्तूंच्या कडांना पुन्हा पुन्हा लावता येते. माझे शीट २०४८ पिक्सेलचे आहे आणि घनता मीटरला ५१२ पिक्सेल आहे, म्हणजे संपूर्ण शीट चार मीटर लांबी व्यापते. पंचवीस सेंटीमीटर जाडीच्या तुळईला १२८ पिक्सेलची पट्टी, दाराच्या अर्ध्या मीटरच्या फळ्यांना २५६ पिक्सेलची पट्टी, आणि साडेबारा सेंटीमीटरच्या चौकटीला ६४ पिक्सेलची पट्टी, असे हे गणित सरळ बसते. पडद्यावर मीटरला २०० पिक्सेल दिसत असताना ५१२ ठेवल्याने दुप्पट मोठ्या चित्रातही टेक्स्चर फाटत नाही, आणि त्याहून अधिक ठेवणे ही स्मृतीची उधळपट्टी ठरली असती. पट्टीची मर्यादा पुनरावृत्तीत दिसते. ओट्याची कड नऊ मीटर लांब आहे, त्यामुळे तीच दगडी पट्टी तिच्यावर दोनदा पूर्ण येऊन उरते. एखाद्या दगडावर डोळ्यात भरणारी खूण असली तर ती चार-चार मीटरवर पुन्हा दिसते. म्हणून पट्टीत ठळक खुणा काहीच ठेवल्या नाहीत, आणि जेथे वेगळेपण हवे होते, उदाहरणार्थ कोपऱ्यावरील तुटलेला दगड, तेथे ते मॉडेलमध्ये घडवले.

मातीच्या भिंतीचे टेक्स्चर वेगळे आहे, आणि त्यात एका तांत्रिक बाबीने दृश्य सावरते किंवा बिघडते. भिंतीचा खडबडीतपणा सांगणारा रफनेस आणि खाचांतील अंधार सांगणारा एओ ही दोन माहिती मी एकाच प्रतिमेच्या वेगवेगळ्या रंगवाहिन्यांत भरते, आणि तिसऱ्या वाहिनीत धातूपणा येतो. फाइलचे नाव `T_MudWall_ORM` असे असते. ही प्रतिमा रंग नसून आकडे असते, म्हणून इंजिनमध्ये तिच्यासाठी `sRGB` ही खूण काढून टाकावी लागते. खूण राहिली तर इंजिन त्या आकड्यांना रंग समजून वाकवते, आणि ०.५ लिहिलेला रफनेस सुमारे ०.२१ म्हणून वाचला जातो, म्हणजे पृष्ठभाग हवा त्याहून गुळगुळीत ठरतो. समोरून येणाऱ्या उजेडात हा फरक पटकन लक्षात येत नाही. पण माझ्या उत्तरेच्या भिंतीसारखे घासून जाणारे ऊन असले, की कोरड्या मातीवर ओल आल्यासारखी चकाकी पसरते, आणि मे महिन्यातील खान्देशी भिंत ओली दिसणे म्हणजे सारे दृश्यच खोटे पडणे. असे दिसले की प्रकाशाला हात लावण्याआधी इंजिनच्या बफर व्हिज्युअलायझेशनमध्ये जाऊन केवळ रफनेस पाहावा. कोरडी माती तेथे जवळजवळ पांढरी, म्हणजे ०.८ ते ०.९५ दिसली पाहिजे. घासत्या उन्हाचा दुसरा परिणाम नॉर्मल मॅपवर, म्हणजे लहान उंचवट्यांचा आभास देणाऱ्या प्रतिमेवर होतो. गिलाव्याचे लहान उंचवटे त्या कोनातून मूळच्या कितीतरी पट उग्र दिसतात, म्हणून त्या एका भिंतीवर नॉर्मल मॅपची तीव्रता मी निम्म्याहून खाली आणली आणि बोटांनी सारवल्याच्या मोठ्या, गोलसर रेषाच तेवढ्या ठेवल्या.

इंजिनमधील अंतिम प्रकाशयोजनेविषयी सांगण्यासारखे थोडेच उरते, कारण ती सुरुवातीलाच ठरली होती. एकच सूर्य, एक आकाशाचा उजेड, आणि क्षितिजाकडे पांढुरक्या धुळीचे विरळ धुके, एवढेच घटक आहेत. धुळीमुळे आमच्याकडील उन्हाळी आकाश खाली निळे नसते, आणि तो पांढुरकेपणा जपण्यासाठी मी आकाशाची निळाई वरच्या भागापुरतीच ठेवली. सावल्यांत मात्र ती निळाई थोडी वाढवली, कारण सूर्याच्या पिवळसर उजेडाशेजारी दाराचा निळा रंग सावलीतही मळू नये अशी गरज होती. एवढे एक स्वातंत्र्य मी घेतले आणि चित्राखाली तसे लिहिले. एक्स्पोजर स्वयंचलित ठेवले नाही, `Min EV100` आणि `Max EV100` सारखेच ठेवले. ते स्वयंचलित असते तर कॅमेरा झाडाच्या सावलीकडे वळताच इंजिनने सारे चित्र उजळले असते आणि चार-दोन-एकचा क्रम मोजण्याला अर्थ राहिला नसता. शेवटी चित्र काळे-पांढरे करून पाहिले. ओट्याची पट्टी, दाराचा गडद आकार आणि झाडाच्या सावलीचा डाग हे तीन आकार रंगाविना वेगळे दिसले, तेव्हा रंगांवरचे काम थांबवले.

भरती करणाऱ्यासाठी ही मांडणी करताना मी प्रत्येक चित्राखाली दोन ओळींपेक्षा अधिक मजकूर ठेवला नाही: काय ठरवले आणि कशामुळे. जाळीचे चित्र आहे, पण ते बेव्हलच्या हिशेबाशेजारी आहे. ट्रिम शीटचे चित्र आहे, पण त्यावर प्रत्येक पट्टी कोणत्या भागावर गेली हे रंगाने दाखवले आहे. पऱ्हाट्यांच्या काड्यांसाठी मी विकत घेतलेला एक स्कॅन आधार म्हणून वापरला होता, आणि ते त्या चित्राखाली स्पष्ट लिहिले आहे. स्टुडिओला दुसऱ्याच्या कामाचा वापर खटकत नाही. तो लपवलेला आढळला, तर मात्र बाकी सर्व चित्रांवरचाही विश्वास उडतो.

सर्वांत शेवटच्या चित्रात तेच दृश्य डिसेंबर महिन्यात दाखवले आहे. शरद संपातापासून वसंत संपातापर्यंत, म्हणजे साधारण २३ सप्टेंबर ते २१ मार्च, उत्तराभिमुख भिंतीला थेट ऊन मिळतच नाही. हिवाळ्यात भर दुपारीही सूर्य सुमारे ४५ अंशांवर असतो, त्यामुळे तीन मीटर उंच घराची सावली तीन मीटर पुढे पडते आणि दीड मीटर रुंदीचा ओटा पूर्णपणे तिच्यात बुडतो. उजेडाची पट्टी जाते, भिंतीचा फुगवटा सपाट दिसतो, झाडाची सावली भलतीकडे पडते, आणि नजर दाराऐवजी गल्लीतील उजळ जमिनीवर जाते. या दृश्यातील मॉडेल आणि टेक्स्चर कोणत्याही ऋतूत वापरता येतील, पण रचना एका ऋतूतील एका वेळेपुरतीच आहे, आणि खेळात दिवसाची वेळ बदलणार असेल तर दाराकडे नजर नेण्याचे काम प्रकाशाकडून काढून ओट्याच्या पायऱ्या, चौकटीची जाडी आणि दाराचा रंग यांच्याकडे द्यावे लागेल. त्या चित्राखाली मी हेच लिहिले आहे, आणि कोणता भाग किती बदलावा लागेल याची खूण त्याच चित्रावर केली आहे.